कवळी रात्रीही तोंडातच, मग मलम काय करणार?

«डॉक्टर, ओठांचे कोपरे फाटले की बी-कॉम्प्लेक्स घ्यायचं, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. तुम्ही मात्र त्यावरच्या लेखात बुरशी, कवळी, रक्ततपासणी असं उगाच अवडंबर माजवलंय. माझ्या आईला महिनाभर गोळ्या चालू आहेत, मेडिकलमधून क्रीमही आणलं. दोन दिवस बरं वाटतं, की परत चिरा हजर. मग तुमचं शास्त्रही खोटंच ना?» – महालातली एक वाचक

ताई, आजींचा अंदाज अर्धा खरा आहे. बी2, बी12, फोलेट किंवा लोह कमी पडलं की तिथली त्वचा नाजूक होते आणि चिरते. पण नुसतं बी2 कमी असतं, तर महिनाभराच्या गोळ्यांनी ते केव्हाच भरून निघालं असतं.

आधी त्या क्रीमची ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉईड आहे. आपल्याकडे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र केलेली मलमं सर्रास विकली जातात. स्टेरॉईडने लाली आणि आग लगेच उतरते, पण जंतूंच्या ते पथ्यावरच पडतं. दोन दिवसांच्या आरामाचं कारण बहुधा हेच.

आईंना कवळी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वय आणि पुन्हा पुन्हा होणारा त्रास पाहता मला तीच शंका आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचं सांगते. वय अडुसष्ट, कवळी दहा-बारा वर्षांची. तिचे दात इतके झिजलेले, की तोंड मिटलं की हनुवटी नाकाकडे सरकायची आणि दोन्ही कोपऱ्यांना खोल घडी पडायची. त्या घडीत दिवसभर लाळ साचायची. ओली राहून त्वचा पांढुरकी, मऊ व्हायची आणि जांभई दिली की फाटायची. संत्र्याची फोड तोंडात घातली की डोळ्यांत पाणी.

कवळी काढायला लावली, तेव्हा टाळू लालभडक होता, आणि ती लाली बरोबर कवळीच्या कडेशी थांबलेली, जणू कोणी आखून दिली होती. हा कॅन्डिडा बुरशीचा अड्डा. काकू कवळी घालूनच झोपायच्या. कोपऱ्याला कितीही मलम लावलं, तरी लाळेतून बुरशी परत तिथेच पोहोचणार.

म्हणून उपचार दोन्ही जागी केला. कोपऱ्यांना साधं 1 टक्का क्लोट्रिमॅझोल, स्टेरॉईड नसलेलं, दिवसातून दोनदा. टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट. कवळी रोज ब्रशने घासायची, 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये पंधरा मिनिटं बुडवून धुवायची आणि रात्री तोंडाबाहेर ठेवायची. चिरा पंधरवड्यात भरल्या, पण झिजलेली कवळी तशीच असती तर घडी राहिली असती आणि लाळही. म्हणून योग्य उंचीची नवी कवळी करून दिली.

आता रक्ततपासणीचं. काकूंचं हिमोग्लोबिन 9 च्या आसपास होतं, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही कमी. पाळी थांबून वर्षं झालेल्या बाईचं लोह कमी आढळलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होता येत नाही. पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का ते पाहावं लागतं, म्हणून त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. साखरही बघायला हवी, कारण मधुमेहात कॅन्डिडा चटकन फोफावते.

प्रत्येक चीर बुरशीचीच असते असंही नाही. वर मधासारखी पिवळी खपली धरत असेल, तर बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू असतो. तिथे फ्युसिडिक ॲसिड किंवा म्युपिरोसिन लागतं. कित्येकदा दोन्ही एकत्र असतात, तेव्हा मायकोनॅझोल बरं पडतं, कारण ते त्या जंतूंवरही थोडंफार चालतं. मात्र आई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मायकोनॅझोल लावू नका. तोंडात लावलेल्या जेलमुळेही रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

आणि घरात कुणी खर्रा खात असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. एकाच बाजूची चीर दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर गाल बोटाने बाहेर ओढून कोपऱ्याच्या आतली बाजू बघा. तिथे पांढरा-लाल खडबडीत चट्टा किंवा टणक कड दिसली, तर मलमात वेळ घालवू नका. थेट डेंटल कॉलेज गाठा, तुकडा काढून तपासावा लागू शकतो.

आईंना दाखवायला न्याल तेव्हा कवळी तोंडातच असू द्या, आणि ती ट्यूब व सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. कवळी घातल्यावर घडी किती पडते, हे तोंड मिटवूनच कळतं.