नाडी, नेफा आणि माझं चौथं बोट

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध प्यायची माझी जुनी सवय. शुगर निघाल्यापासून बायकोनं त्यावर बंदी घातलीय म्हणून ते सकाळी फिरायला जातो या नावाखाली चालतं. तर त्या दिवशी दूध संपवलं, गवळ्यानं रिकामा ग्लास घ्यायला हात पुढं केला आणि मी ग्लास सोडेना. म्हणजे मी सोडत होतो हो, अंगठा सुटला, पहिली दोन बोटं सुटली, करंगळीपण सुटली, पण करंगळीच्या शेजारचं बोट ग्लासाला असं मिठी मारून बसलं होतं की बास. गवळी म्हणाला, "काय ओ मालक, ग्लास घरला न्यायचाय काय?" मागं उभी असलेली चार माणसं हसली. शेवटी डाव्या हातानं ते बोट धरून सरळ केलं तर टक्क असा आवाज झाला, एक जोराची कळ आली आणि बोट एकदम खटका दाबल्यासारखं सुटलं.

खरं तर पंधरा दिवस हे चालू होतं, पण घरातल्या घरात होतं म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. सकाळी उठलं की मूठ उघडायची, चार बोटं उघडायची आणि हे एकटं आत वाकलेलंच. मग टक्क. दहा-वीस वेळा उघडमीट केली की मशीन गरम झाल्यासारखं सुरळीत, दुपारपर्यंत मी विसरून पण जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. दुकानात मात्र भलताच घोटाळा व्हायला लागला. माझं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान आहे, गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायला नोट पुढं करायची आणि बोट आत अडकल्यामुळं नोट हातातच राहायची, तो तिकडून ओढतोय मी इकडून धरलेली, एक म्हातारे गुरुजी तर म्हणाले, "राहू द्या, एवढं जिवावर येत असेल तर."

आता आमच्याकडं दुखणं एकाला झालं की डॉक्टर शंभर होतात. आई म्हणाली, वात आहे, एरंडाचं पान गरम करून बांध. बायको म्हणाली, युरिक ॲसिड. शेजारच्या मोबाइलवाल्या पोरानं छातीठोकपणे सांगितलं की हा संधिवातच, त्याच्या मामाला असाच झालता आणि मामा आता जिना चढू शकत नाही. बोटाचा आणि जिन्याचा काय संबंध ते मी विचारलं नाही. रक्त तपासलं, युरिक ॲसिड नॉर्मल. एक्स-रे काढला, हाड एकदम ठणठणीत, टेक्निशियन म्हणाला, "मस्त आलाय फोटो."

राहता राहिला पैलवान. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त, तालमीत पोरांचे निखळलेले खांदे-मनगटं बसवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. त्यानं बोट हातात घेतलं, मधल्या सांध्यावर, म्हणजे जिथं टक्क वाजतं तिथं, तेल लावलं, चांगलं रगडलं आणि "इकडं बघ, तिकडं बघ" करत काडकन ओढलं. टक्क! बोट सरळ. "झालं बघ. नाद खुळा!" मी खूश, त्याला मिसळ खाऊ घातली. मिसळीचा दुसरा पाव मोडताना बोट परत आत. आणि पुढचे दोन दिवस तळहात असा ठणकला की गाडीचा ब्रेक दाबताना डोळ्यांत पाणी.

मग मुकाट्यानं हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. एक्स-रेचं पाकीट अभिमानानं पुढं केलं तर त्यांनी ते न उघडताच बाजूला ठेवलं. म्हणाले, मूठ करा, उघडा. टक्क. "परत." टक्क. मग त्यांनी माझा तळहात उताणा केला आणि ज्या सांध्याला एवढे दिवस आम्ही तेल, पान, मलम, पैलवान असं सगळं लावलं त्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांचा अंगठा गेला थेट तळहातावर, त्याच बोटाच्या मुळाशी, तळहातावरची जी वरची आडवी रेघ असते ना तिच्या जवळ, आणि तिथं दाबलं मात्र, मी "आई गं!" म्हणून असा ओरडलो की बाहेरची रिसेप्शनवाली डोकावून गेली. "हलवा बोट," ते म्हणाले आणि माझाच दुसरा हात तिथं ठेवून घेतला. बोटाबरोबर कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पुढं-मागं सरकत होतं.

"दुखणं इथं आहे. वर फक्त आवाज येतो."

म्हणजे आग रामेश्वरी आणि आमचे सगळे बंब सोमेश्वरी!

डॉक्टर बहुतेक खेड्यातले असावेत, कारण त्यांनी जे समजावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणाले, "पायजम्याची नाडी माहीत आहे ना? बोट वाकवणारे स्नायू असतात कोपराखाली, तिथनं दोऱ्यांसारखे कंडरे निघतात आणि तळहातातनं बोटात जातात. ती नाडी. ती हाडापासनं सुटून वर येऊ नये म्हणून जागोजागी पट्ट्या असतात, तो नेफा. त्यातली पहिली पट्टी बोटाच्या मुळाशी, ती जाड झालीय, आतली जागा अरुंद झाली आणि नाडीपण घासून घासून तिथं फुगली, गाठ आल्यासारखी. आता नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकली की काय होतं?"

काय होतं ते मी दहावीच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर अनुभवलंय, त्यामुळं पुढचं लगेच कळलं.

मूठ आवळणारे स्नायू ताकदीचे, ते गाठीला खेचून नेफ्यातनं पार करतात. उघडणारे त्या मानानं कमजोर, त्यांना ती गाठ परत आणता येत नाही म्हणून बोट आतच राहतं, आणि डाव्या हातानं जोर लावला की गाठ एकदम उडी मारून पलीकडं, तोच आपला टक्क. सकाळीच का? तर रात्रभर आपण बोटं मिटून झोपतो, हात हलत नाही, तिथं थोडी सूज साठते. दिवसा हालचालीनं ती जरा उतरते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात, बंदुकीचा घोडा ओढल्यासारखं बोट होतं म्हणून. आणि यात एक्स-रेला काही दिसतच नाही. माझे तेवढे पैसे गेले ते गेले.

"शुगर आहे?" हा प्रश्न मी टाळत होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या टेस्टचा आकडा होता 8.4. तो ऐकून त्यांनी मान हलवली, बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि नेमकं तेव्हाच मला दूध कट्टा आठवला. शुगर नसलेल्या माणसांत आयुष्यात शंभरात दोन-तीन जणांना हे होतं, शुगरवाल्यांत दहाच्या आसपास. थायरॉइडवाल्यांना, आमवातवाल्यांनापण जास्त होतं, आणि पन्नाशीच्या पुढंमागं, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. कारण दरवेळी सापडतंच असं नाही म्हणाले, पण मी दिवसभर करतो काय ते विचारलं. आमचं स्पायरल बायंडिंगचं पंचिंग मशीन, त्याचा बारीक लोखंडी दांडा, प्रोजेक्टच्या सीझनला दिवसाला शे-दीडशे वेळा खाली ओढायचा. तो दांडा तळहातावर बरोबर त्या पट्टीवरच बसतो. पैलवानाला दोष देत होतो, हा खरा वैरी माझ्याच दुकानात!

पहिला इलाज एकदम साधा. ॲल्युमिनियमची फोम लावलेली पट्टी, रात्री बोटाला बांधून ते सरळ ठेवायचं, सहा आठवडे. ओढायचं नाही, रगडायचं नाही, टक्क वाजवून बघायचं नाही (हे फार अवघड, खाजेसारखं असतं ते, हात आपोआप वाजवून बघतो). दांड्यावर सायकलची जुनी ग्रिप चढवून वर कापड गुंडाळलं, जाडजूड झाला, आता मूठ आवळावी लागत नाही. रात्री पट्टी बांधून झोपलो तर बायको दचकून उठली, "अहो, झोपेत कुणाला बोट दाखवताय?" महिनाभरात सकाळचा ठणका कमी झाला, पण अडकणं काही जाईना.

मग इंजेक्शन, स्टिरॉइडचं, तिथंच बोटाच्या मुळाशी. बधिर करायचं औषधपण त्यातच होतं, तरी सुई आत गेली तेव्हा कोल्हापुरी माणूस म्हणून तोंड गप्प ठेवलं एवढंच सांगतो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की शुगर चार-पाच दिवस वर जाईल, घरी तपासत राहा. उपाशीपोटी एरवी 140 असायची ती दुसऱ्या दिवशी 260! आईला वाटलं रात्री मी चोरून पेढे खाल्ले. पाचव्या दिवशी उतरली. मला वाटलं होतं इंजेक्शन दिलं की संध्याकाळी बोट मोकळं, पण पहिला आठवडाभर टक्क चालूच होतं, मी नाराज होऊन फोनपण केला, ते म्हणाले थांबा की जरा. दहाव्या दिवशी सकाळी उठलो, मूठ उघडली, पाचच्या पाच बोटं एकदम. परत मिटली, परत उघडली. आवाज नाही. इतकं शांत वाटलं की जरा चुकल्यासारखंच झालं.

परत होऊ शकतं, शुगरवाल्यांना तर इंजेक्शनचा गुण कमी लागतो हेपण त्यांनी लपवलं नाही. फार तर अजून एक देऊ, सारखी सारखी टोचत बसलो तर कंडराच कमजोर व्हायचा. त्यावर ऑपरेशन, तेवढीच जागा बधिर करून छोटासा काप, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मी घाबरून विचारलं, "नाडी कापणार?" तर हसले, "नेफा उसवायचा हो, नाडीला हात लावायचा नाही." एक पट्टी उघडली तरी पुढच्या असतात, त्यामुळं बोट काही लुळं पडत नाही. मात्र बोट लाल होऊन गरम पडलं, सगळंच सुजलं, ताप आला तर ते वेगळं प्रकरण, तेव्हा पट्टीबिट्टी बांधत बसू नका, त्याच दिवशी या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आता तीन महिने झाले, बोट ठीक आहे. पैलवान तालमीत सगळ्यांना सांगत सुटलाय की डॉक्टरला जमलं न्हाई, मी एका झटक्यात ओढून बरं केलं. मी काही बोलत नाही, एका मिसळीवर किती दिवस भांडायचं.

पण परवा सकाळी दुकान उघडतोय तोवर स्वारी हजर, उजवा हात पाठीमागं लपवलेला. "भावा, अंगठा बघ की जरा. सकाळी उठलं की आतच ऱ्हातंय." मी म्हटलं, "ओढला का न्हाईस स्वतःच?" तर इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "ओढला की. चारदा."

मी त्याचा तो नारळाएवढा पंजा काउंटरवर उताणा ठेवला, अंगठ्याच्या मुळाशी, जिथं तो तळहाताला मिळतो तिथल्या रेघेवर माझा अंगठा टेकवला आणि म्हटलं, "इकडं बघ, तिकडं बघ." आणि दाबलं.

प्रोजेक्ट घेऊन उभी असलेली कॉलेजची दोन पोरं तीन पावलं मागं सरकली.