हातचा जातो कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

«गणिताच्या भीतीवरचा तुमचा लेख वाचला. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय म्हणून लिहितो. ज्याला येत नाही त्याला भीती वाटते, येऊ लागलं की भीती जाते. इतकं साधं आहे. घड्याळ काढून घ्या, मनातलं कागदावर उतरवा, हे सगळे मोठ्या माणसांचे लाड आहेत. रोज वीस उदाहरणं घड्याळ लावून सोडवली की महिन्याभरात फरक पडतो. आणि मॅडम, तुमच्या लेखात सात आठे चोपन्न छापलंय. दुसऱ्यांची भीती घालवण्याआधी पाढे पाठ करा.»

सर,

आधी ते चोपन्न. छप्पन्नच हवं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे, दाखवून दिल्याबद्दल आभार. पण त्यापुढचं वाक्य लिहायची खरंच गरज होती का? वाचणाऱ्यांमध्ये निम्मे लोक असे आहेत की ज्यांना लहानपणी कोणीतरी नेमकं याच सुरात काहीतरी सुनावलं होतं. त्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचून लेख तिथेच बंद केला असेल, तर तुम्ही पाढा सुधारलात आणि वाचक घालवलात.

मी त्या निम्म्यांतलीच. चौथीत असताना मला फळ्यावर भागाकार घातला होता, 156 भागिले 12. आदल्या संध्याकाळी वहीत तसले सहा भागाकार मी बरोबर केले होते. फळ्यापाशी गेले, खडू हातात घेतला, मागे अख्खा वर्ग. बारा एके बारा, पंधरातून बारा गेले तीन, वरचा सहा खाली आणला, छत्तीस झाले, आणि पुढे काहीच सुचेना. बारा त्रिक छत्तीस मला येत नव्हतं का? येत होतं. पण त्या क्षणी ते जागेवर नव्हतं. शिक्षक म्हणाले, ‘हिच्या डोक्यात आकडे शिरतच नाहीत.’ पुढची वीसेक वर्षं मी तेच माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत होते, हसून. म्हणून ‘येत नाही त्याला भीती वाटते’ हे मला कोणी साधं म्हणून सांगू नये. मला येत होतं.

आता त्या वाक्याबद्दलच बोलू, कारण सगळी मेख तिथे आहे.

46 आणि 38 ची बेरीज घ्या. सहा आणि आठ चौदा, चार लिहिले, हातचा एक. हा हातचा तुम्ही आम्ही सहज बोलून जातो, पण तो ठेवायचा कुठे? लिहिला नाही तर डोक्यातल्या त्या लहानशा जागेत, जिथे आपण क्षणभरापुरत्या गोष्टी धरून ठेवतो. ती जागा सगळ्यांचीच अपुरी असते. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात त्याच जागेत आणखी बरंच काही येऊन बसतं: चुकलं तर काय, समोरचा बघतोय, किती वेळ झाला. मग चार आणि तीन सात, हातचा गेला, उत्तर 74. 2001 साली मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या संशोधकांनी हे तपासलं. लोकांना काही अक्षरं लक्षात ठेवायला देऊन त्याच वेळी बेरजा करायला लावल्या. गणिताची धास्ती असलेल्यांची गाडी सर्वांत जास्त अडखळली ती हातच्याच्या बेरजांवर, आणि तीही अक्षरं जास्त असताना. ज्ञान तेच, जागा कमी. याला तुम्ही लाड म्हणता.

आता तुमच्या उपायाचं बघू. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई आहेत, चाळिशीच्या, खात्याअंतर्गत परीक्षेची तयारी करणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, ‘मी आकड्यांची नाहीच.’ येण्याआधी महिनाभर त्या तुम्ही सांगता तेच करत होत्या, रोज वीस उदाहरणं, समोर घड्याळ. वही मला दाखवली. एका पानावर वीसपैकी सात चुका होत्या आणि त्यांतल्या सहांमध्ये उत्तर बरोबर दहाने कमी. सर, तुम्ही ही वही तपासली असती तर सात फुल्या मारल्या असत्या. मी ती सहा उत्तरं बघितली आणि ओळखलं की बेरीज येते, हातचा गळतोय. शिवाय अवघड उदाहरणं त्यांनी सोप्यांपेक्षा घाईने उरकली होती, नुसतं सुटका करून घ्यायला. उत्तर चुकायचं, त्यावरून ‘बघा, मला येतच नाही’ हे पुन्हा पक्कं व्हायचं. महिनाभर त्यांनी बेरजेचा नाही, या पटण्याचा सराव केला.

खात्री करायला मी तशाच वीस बेरजा दुसऱ्या दिवशी दिल्या, वेळेचं बंधन नाही, मी दुसऱ्या खोलीत. चूक एक. असा फरक पडला तर ती बहुतेक भीतीची करामत असते. तीच चूक निवांत बसूनही होत राहिली तर खरंच काहीतरी शिकायचं राहून गेलंय, आणि तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते शिकवावंच लागतं. (तीन मोठे की सात, हेही ज्यांना पटकन उमगत नाही त्यांची गोष्ट आणखी वेगळी. ती भीती नव्हे, त्यांना तज्ज्ञाकडेच पाठवावं.)

पुढे मी फारसं काही केलं नाही. आधी अंदाज तोंडाने सांगायचा: 46 म्हणजे पन्नासच्या अलीकडे, 38 म्हणजे चाळीसच्या अलीकडे, तर उत्तर नव्वदच्या थोडं खाली. मग 74 दिसलं की आपणच भुवया उंचावतो, कोणी फुली मारायची वाट बघत नाही. नंतर डावीकडून बेरीज: चाळीस आणि तीस सत्तर, सहा आणि आठ चौदा, चौऱ्याऐंशी. यात हातचा धरून बसावंच लागत नाही. आणि मांडूनच करायची तर हातचा दहाच्या घरावर ठळक लिहायचा, तो ‘लहान मुलांसारखा’ दिसला तरी. त्या बाई तो अगदी बारीक लिहायच्या आणि लगेच खोडायच्या. हातचा न खोडणं, हीच त्यांना सर्वांत अवघड गेलेली गोष्ट.

घड्याळ कायमचं काढा असं मी कुठेच लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. चौथ्या आठवड्यात ते परत आलं, पण उलटं. वीस बेरजांना किती वेळ लागला, ते त्यांनी शेवटी बघून कोपऱ्यात टिपायचं, मर्यादा कसलीच नाही. सहाव्या आठवड्यात मर्यादा आली, परीक्षेपेक्षा सैल. आठव्यात परीक्षेइतकी. त्या दिवशी तीन चुकल्या. दहाने कमी असलेली त्यांत एकच.

मनातलं कागदावर उतरवण्याबद्दल बोललात त्यावर आत्ता वेळ घालवत नाही, ते लेखात एका ओळीत आहे. पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा आदर आहेच. फक्त त्या पस्तीस वर्षांत किती वह्यांमध्ये दहाने कमी उत्तरं होती, ते आता मोजता येणार नाही.