सन्माननीय पालक, मुदत १५ एप्रिलपर्यंतच

आमच्या चिरंजीवांची चौथीची वार्षिक परीक्षा व्हायची असतानाच त्यांना पाचवीत घालणारे पत्र घरी आले. ते शाळेचे नव्हते, गणवेशाच्या दुकानाचे होते. वर ‘॥ श्री ॥’, खाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि मधोमध ‘सन्माननीय पालक’ अशी सुरुवात. १५ एप्रिलपर्यंत पूर्ण रक्कम भरून मागणी नोंदवणाऱ्यांस दहा टक्के सूट मिळेल आणि गणवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार असेल, असा मजकूर होता. आमचा पत्ता त्यांना गेल्या वर्षीच्या बिलावरून मिळाला असावा. मुलाच्या उत्तीर्ण होण्याविषयी इतका निःशंक विश्वास आजवर आमच्या घरातही कोणी दाखवलेला नाही.

या औदार्यामागचे कारण उघड आहे. हे दुकान वडील, दोन मुलगे आणि सूनबाई मिळून चालवतात. वर्षाचा बहुतेक धंदा मे-जूनच्या काही आठवड्यांत होतो, परंतु कापडाचे पैसे त्याआधीच मोजावे लागतात, आणि ऐन मे महिन्यात शिवणारे कारागीर गावी जातात. मार्चमध्येच पालकांचे पैसे आणि मापे हाती आली, तर कोणत्या मापाचे किती नग कापायचे हे कळते आणि माल अंगावर पडत नाही. थोडक्यात, जूनमध्ये माझा मुलगा केवढा असेल हा अंदाज बांधण्याची जोखीम त्यांनी दहा टक्क्यांत माझ्याकडे सोपवली होती.

सोबतच्या तक्त्यात छाती, कंबर, आसन आणि उंची असे रकाने होते. टेप लावताच मुलाने श्वास भरून छाती दोन इंच वाढवली. सोडायला सांगितल्यावर पोट पुढे आले. या वयाची मुले वर्षाला साधारण दोन इंच उंच होतात, पण ते दोन इंच जूनमध्ये येतील की दिवाळीनंतर, हे तक्त्यात लिहायला जागा नव्हती. सौभाग्यवतींचे म्हणणे, दोन नंबर मोठे घ्यावे. माझे म्हणणे, शर्ट खांद्याला बसेल तोच घ्यावा, कारण बाही आणि उंची दुमडता येते, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली की ती वर नेणारा शिंपी मला अजून भेटलेला नाही. पँटचे मात्र तसे नसते. ती उलटी करून मागच्या शिवणीत माया किती सोडली आहे आणि खाली दुमड किती आहे ते बघावे. बोटभर माया आणि तीन इंच दुमड असेल तर वर्ष निघते. मात्र डिसेंबरात दुमड सोडली की जुन्या घडीच्या जागी गडद पट्टा उमटतो, कारण बाकीची पँट तोवर धुऊन विटलेली असते.

मग हिशेबाला बसलो. शर्ट ४२० रुपये आणि फुल पँट ५६० रुपये, प्रत्येकी दोन, म्हणजे १,९६० रुपये. सूट १९६ रुपये. पीटीचा टी-शर्ट यात नाही, कारण लाल, निळा, हिरवा की पिवळा गट ते शाळा जूनमध्ये ठरवणार. त्या खरेदीला तेव्हा पुन्हा जायचे, आणि ‘पीटी ड्रेसवर सूट नाही’ हे पत्राच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत छापलेलेच होते. वाढत्या अंगासाठी एक नंबर मोठा घ्यायचा तर प्रत्येक नगामागे २० रुपये जादा, म्हणजे ८० रुपये. दोन पँटी तूर्त दुमडून घेण्याची शिलाई १०० रुपये. हाती उरले १६ रुपये, आणि जाण्यायेण्याची रिक्षा मी अजून धरलीच नव्हती.

ठराविक दुकानातूनच गणवेश घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, असा शासनाचा दंडक आहे, हे मी घरात मोठ्या आवाजात सांगितले. सक्ती कोणाचीच नव्हती. फक्त शाळेची ती राखाडी चौकडी दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. शिवाय एक शर्ट आज आणि दुसरा ऑगस्टमध्ये घेतला, तर लॉट बदलल्याने राखाडीच्या दोन छटा होतात, आणि पोरांच्या नजरेतून ते सुटत नाही. सूट हा भाग सोडला तरी सगळे एकदम घेण्यात शहाणपण होते, म्हणून पैसे भरून आलो. सूनबाईंनी पावतीवर ‘बदलून मिळेल, परत घेतले जाणार नाही’ असा शिक्का मारला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरे पत्र आले. ‘पालकांच्या आग्रहास्तव’ मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली होती आणि सूट बारा टक्के केली होती. मी पत्र घेऊन तडक दुकानात गेलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते सावकाश वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाले, “साहेब, तुम्हाला चुकून गेलं हे. ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत, त्यांच्यासाठी आहे.”