तीस सेकंदांचं किचन

"बिफोर-आफ्टर व्हिडिओत किती वेळ लागला, किती खर्च आला हे सांगत बसलात तर लोक पुढे सरकवतात. तीस सेकंदांत जादू दाखवा. घर शेवटी खरंच आवरलंय ना? मग फसवणूक कसली?"

लोकांची घरं आवरून देण्याच्या माझ्या कामात हा सल्ला मिळतो. घर आवरलं होतं, खरंय. माझा ऐरोलीच्या एका वन बीएचकेच्या किचनचा व्हिडिओ बघून घोडबंदर रोडच्या एका ताईंनी मला बोलावलं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. रात्री नऊला त्यांची निम्मी भांडी पलंगावर होती आणि जेवण बाहेरून मागवलं होतं. "व्हिडिओत तर पटकन झालं होतं हो," एवढंच म्हणाल्या. चूक माझी. ऐरोलीला दोन दिवस लागले होते आणि व्हिडिओत ते कुठेच नव्हतं.

म्हणून त्या व्हिडिओची स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. पहिलं वाक्य: "आम्ही दोघी, दोन दिवस, अकरा तास. नवे डबे आणि बास्केट, अठराशे रुपये." घड्याळ लावून म्हणून बघा, सहा-सात सेकंद होतात. जादूला तेवीस उरतात. डबे कुणी फुकट दिले असतील तर तेही इथेच सांगायचं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांत फुकट मिळालेली वस्तूही मोबदलाच धरली जाते आणि तसं लेबल लावावं लागतं.

आता 'आधी'चा शॉट. ओट्यावर डोंगर, जमिनीवर पातेली, मधोमध पिठाचा डबा. हा पसारा त्या घरातल्या माणसांचा नसतो, आमचा असतो. वर्गवारीसाठी सगळं बाहेर काढल्यावरचा तो ढीग, म्हणजे कामाचा मधला टप्पा. खरा 'आधी' म्हणजे आम्ही कशालाही हात लावण्याआधीचा, आणि तो बहुतेकदा इतका वाईट दिसत नाही. ढीग दाखवायला हरकत नाही, पण त्यावर लिहायचं: "हा ढीग आम्ही केलाय."

सगळ्यात मोठी गडबड मात्र कॅमेरा करतो, आणि ती पुष्कळदा नकळत होते. 'आधी' साध्या लेन्सने घेतला, 'नंतर'च्या वेळी किचन नीट मावेना म्हणून फोन ०.५ वर नेला, की तीच जागा दीडपट वाटते: ओटा लांबतो, समोरची भिंत मागे सरकते. ओळखायचं कसं? फ्रेमच्या कडेला असलेला गोल डबा बघा. तो अंड्यासारखा ताणलेला दिसला तर लेन्स रुंद आहे. दुसरी खूण टाइल्सची. 'आधी' पिवळट आणि 'नंतर' निळसर पांढऱ्या दिसल्या, तर घासण्याइतकाच उजेडानेही फरक केलाय. एकदा ट्यूबलाइट, एकदा सकाळची खिडकी, वर फोन आपल्या मनाने रंग ठरवतो.

उपाय साधा आहे. ट्रायपॉडचे तीन पाय जिथे टेकतात तिथे लादीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या आणि काम संपेपर्यंत काढायच्या नाहीत. उंची तीच, लेन्स १ वर, दोन्ही वेळा तेच दिवे. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनवर फोकस आणि उजेड लॉक होतो. आम्ही 'आधी' सकाळी अकराला घेतला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी काम संपलं तरी 'नंतर'साठी तिसऱ्या सकाळी अकराला परत गेलो. लोकलचं एक जास्तीचं तिकीट, बाकी काही नाही.

मग सामानाचा प्रश्न. ऐरोलीत दोन पोती प्लास्टिक भंगारवाल्याकडे गेलं, जुन्या साड्या बोहारणीकडे, आणि तीन खोकी माळ्यावर चढली. माळ्यावर गेलेलं घराबाहेर गेलेलं नसतं, फक्त फ्रेमबाहेर गेलेलं असतं. आमच्या पहिल्या व्हिडिओत माळा कापलेला होता. नव्या स्क्रिप्टमध्ये कॅमेरा ओट्यावरून वर जातो आणि आवाज म्हणतो: "ही तीन खोकी अजून ठरायचीत."

शेवटचे पाच सेकंद मी महिन्याभराने घेतले, न कळवता नाही, पण "आवरू नका" असं बजावून. ट्रॉल्या जशाच्या तशा होत्या. डाळींचे डबेही जागेवर. मिक्सर मात्र आम्ही दिलेल्या कपाटातून निघून पुन्हा गॅसशेजारी आला होता. ऐरोलीच्या त्या घरातल्या काकूंनी कारण सांगितलं, "रोज वाटण लागतं गं, आणि प्लग तिथेच आहे." आम्ही ओटा मोकळा दिसावा म्हणून तो आत ठेवला होता, प्लग कुठे आहे हे दोघींपैकी एकीनेही बघितलं नव्हतं. आता स्क्रिप्टचं शेवटचं वाक्य असं आहे: "मिक्सरची जागा आमची चुकली, काकूंची बरोबर होती." शॉटमध्ये मिक्सर चालू आहे, आणि त्याच्या घरघरीत माझा आवाज जेमतेम ऐकू येतो.