ताशा नसेल तर ढोल भरकटतात

"एवढे ढोल असताना ताशाचा आवाज कुठे ऐकू येतो, मग ताशे कशाला?"

अहो ऐकू येतो, आणि ढोलवाले तर तोच ऐकत असतात. पुण्याच्या पथकात ढोलाचा हात, म्हणजे वाजवायचा ठेका, तसा साधा असतो, एका बाजूला हाताची थापी आणि दुसऱ्या बाजूला टिपरू म्हणजे काठी, तेच परत परत, आणि मधल्या मोकळ्या जागा ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची भरभर कडकड, भरून काढते, म्हणून तर वादन सलग वाटतं. हात बदलायचा इशाराही ताशावरूनच येतो, ताशेवाला ठरलेला तुकडा वाजवतो आणि समेवर सगळे ढोल नव्या हातावर पडतात. टोल, म्हणजे ठोकून वाजवायची धातूची थाळी, मात्र काही बदलत नाही, नुसती लय धरून ठेवतो.

खरी पंचाईत लांब रांगेत होते. आवाजाला ३५ मीटर जायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे मागचा ढोलवाला नुसतं पुढचं ऐकून वाजवायला लागला की मागे पडणारच, आणि मग एका ठोक्याचे दोन ऐकू येतात, धडाम ऐवजी ध-धडाम. म्हणून टोल मधे ठेवायचा, ताशे रांगभर वाटायचे आणि मागच्यांनी पुढच्याच्या टिपरूवर नजर ठेवायची. नुसते ढोल वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडतं.