तपासयादी म्हणजे अविश्वास? एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमची तपासयादी वाचली. तीन ओळींच्या रिपोर्टवर वीस प्रश्न विचारले तर पुढच्या वेळी माणूस दोनच ओळी लिहील. हा कामगारावर अविश्वास आहे, आणि सुपरवायझरला एवढा वेळ तरी कुठे असतो?»

वीस प्रश्न विचारले तर तसंच होईल, हे मान्य. पण पाळीचा रिपोर्ट तपासायची ही यादी सुपरवायझरने मनात चालवायची असते. लिहिणाऱ्याकडे दोन-तीनच प्रश्न जायला हवेत. हा रिपोर्ट घ्या:

‘१४:३० ला पंप क्र. २ बंद केला. संबंधितांना कळवण्यात आले. ग्लँड पॅकिंग बदलले. १५:१० ला पंप सुरू. बंद वेळ २५ मिनिटे. आता किरकोळ गळती, बाकी सर्व ठीक.’

पहिल्या वाचनात फक्त आकडे बघा, वाक्यं सोडून द्या. १४:३० ते १५:१० म्हणजे ४० मिनिटं, लिहिलीत २५. इथे लगेच ‘चूक आहे’ म्हणू नका. ‘२५ मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजली?’ एवढंच विचारा. बऱ्याचदा कळतं की माणसाने हातात पाना घेतल्यापासून मोजलं आणि आधीची १५ मिनिटं काम सुरू करण्याच्या परमिटची वाट बघण्यात गेली. दोन्ही आकडे खरे, मोजमाप वेगळं. शिवाय उशीर दुरुस्तीत नव्हे तर परमिटमध्ये होतोय, हेही समजतं. यात अविश्वास कुठे आला?

दुसऱ्या वाचनात कर्ता नसलेली क्रियापदं शोधा. ‘कळवण्यात आले’ म्हणजे कोणी, कोणाला, किती वाजता? (‘करण्यात आले’ची सवय आपण साहेबांनीच लावली आहे, हेही खरं.)

मोघम शब्द सगळ्यात शेवटी, आणि तेही सगळे नाहीत. ज्या शब्दावर पुढच्या पाळीचा निर्णय अवलंबून आहे तोच पकडा. इथे तो ‘किरकोळ’. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती गळती रोखणाऱ्या पॅकिंगवाल्या ग्लँडमधून थोडं ठिबकणं गरजेचं असतं, त्याने पॅकिंग थंड राहतं. मग ही गळती नेहमीची, की ग्लँड अजून आवळायचा राहिलाय? मिनिटाला किती थेंब पडतात ते लिहिलं की पुढचा माणूस तुलना करू शकतो. ‘सर्व ठीक’ खोडून घेण्याऐवजी सुरू केल्यानंतरचा प्रेशर आणि अँपिअर विचारा. रीडिंग घेतलंच नसेल तर ‘घेतले नाही’ असं लिहू द्या. रकाना रिकामा राहिला तर तपासलं नाही की तपासून काही सापडलं नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

असा रिपोर्ट वाचायला पाचेक मिनिटं पुरतात. प्रश्न मात्र पाळी सुटण्याआधी विचारा, कारण दुसऱ्या दिवशी वेळा अंदाजाने भरल्या जातात.

एक मर्यादा आहेच: सगळं जुळवून लिहिलेला खोटा रिपोर्ट या यादीत सापडत नाही. आठ तास तेच रीडिंग दिसलं तर कागद बाजूला ठेवून गेजपाशी जावं लागतं.

आणि रिपोर्टमधली दुरुस्ती तुम्ही करू नका. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून, शेजारी नवा आकडा, सही आणि वेळ लिहिणाऱ्यानेच टाकायची.