'पातळ केस' एवढे लिहून का भागत नाही

फोटो पाहून स्टायलिस्टसाठी केसांची नोंद कशी लिहावी, यावरचा माझा लेख वाचून एका सलूनचालकांनी लिहिले आहे:

«ताई, पंधरा वर्षे सलून चालवतो आहे. फोटो बघून 'पातळ केस, टाळूवर विरळ' एवढे लिहिले की कामाला लागता येते. भांग किती रुंद, मागच्या केसांशी तुलना, उजेड कुठून येतो, हे सगळे लिहीत बसलो तर खुर्चीतली गिऱ्हाइके उठून जातील. आणि एवढे लिहूनही तुम्ही शेवटी म्हणता की कारण फोटोवरून सांगू नका. मग त्याचा उपयोग काय?»

आपण मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. एक गोष्ट आधीच मान्य करते. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसले असेल तर यातले काहीच लिहायची गरज नाही, कारण पंधरा वर्षे केस हाताळलेल्या बोटांना जे कळते ते कोणत्याही फोटोत दिसत नाही. माझा लेख त्या प्रसंगासाठी होता, जेव्हा फोटो एक जण पाहतो आणि कात्री दुसऱ्याच्या हातात असते. अशा वेळी स्टायलिस्टला केसांचा स्पर्श मिळालेला नसतो, त्याच्यापुढे असतात ते फक्त आपण लिहिलेले शब्द. हे लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते, ते राहून गेले.

आता 'पातळ' या शब्दाकडे येते, कारण माझा सगळा आग्रह त्या एका शब्दापायी आहे. आपण मराठीत दोन अगदी वेगळ्या गोष्टींना पातळ केस म्हणतो. एकेक केस रेशमासारखा बारीक असला तरी पातळ म्हणतो, आणि केस चांगले जाड असून संख्येने कमी असले तरी पातळच म्हणतो. केस बारीक पण दाट असतील तर ते वजनाने चापून बसतात, आणि तिथे थोडे हलके केलेले चालते. केस जाड पण विरळ असतील तर तशाच कापणीने टोके आरपार दिसू लागतात आणि उरलेला भरीवपणाही जातो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका फोटोखाली 'पातळ केस, व्हॉल्यूम हवा' एवढेच लिहिले होते. केस जाड आणि विरळ होते. स्टायलिस्टने ते बारीक समजून वरच्या भागात आखूड लेयर घेतले, आणि त्या बाईंच्या वेणीचा शेवटचा वीतभर भाग दोरीसारखा झाला. चूक कात्रीची नव्हती, माझ्या नोंदीची होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ती चूक भरून यायला वर्षाहून जास्त काळ लागला.

म्हणून मी जाडी, दाटपणा आणि विरळपणाची जागा या तीन गोष्टी तीन वेगळ्या वाक्यांत लिहिते. यांपैकी जाडीबद्दल फोटो सर्वांत कमी सांगतो. कडेला सुटलेली एखादी बट फिक्या भिंतीपुढे स्पष्ट दिसत असेल तर अंदाज बांधता येतो, एरवी 'जाडी हाताने पाहावी' असे सरळ लिहावे. केस सरळ, लहरी की कुरळे हेसुद्धा ब्लो-ड्राय केलेल्या फोटोवरून ठरवू नये. मुळाजवळचे पाच-सहा सेंटिमीटर लहरी आणि त्याखाली एकदम सपाट सरळ असे दिसले, तर सुमारे सहा महिन्यांपूर्वी स्मूदनिंग झाले असण्याची शक्यता मोठी. हे मात्र नोंदीत आलेच पाहिजे, कारण कापणी आणि रंग दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

दाटपणा मात्र फोटोत बऱ्यापैकी कळतो, फक्त तो कशाच्या तुलनेत हे सांगावे लागते. मागच्या केसांचा एवढा आग्रह मी धरते तो यासाठी. स्त्रियांमध्ये केस विरळ होतात तेव्हा बहुधा भांगाच्या आसपास आणि टाळूवर आधी होतात, मानेच्या वरचा भाग बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे तो भाग त्या व्यक्तीचे स्वतःचे मोजमाप ठरतो. मागे पाडलेला भांग दोऱ्याएवढा आणि पुढचा भांग त्याच्या दुप्पट दिसत असेल, तर फरक खरा आहे. दोन्ही सारखेच रुंद दिसत असतील, तर केस मुळातच कमी असू शकतात, सगळीकडून सारखे गळत असू शकतात, किंवा फोटो फसवत असू शकतो. मिलिमीटर लिहू नयेत, कारण फोटोत मोजायला काही नसते. मागच्याच्या दीडपट, दुप्पट असे लिहावे. मी गिऱ्हाइकांना टेल कोंबची दांडी भांगाशेजारी आडवी ठेवून फोटो काढायला सांगते. दांडीची जाडी कुणालाही ठाऊक असते, म्हणून वाचणाऱ्याला अंदाज येतो.

उजेडाबद्दल एकच उदाहरण देते, म्हणजे मी त्यावर एवढे का लिहिले ते कळेल. त्रेचाळीस वर्षांच्या एका बाईंनी रविवारी संध्याकाळी फोटो पाठवला. डोक्याला तेल चोपडलेले, कंगव्याने नीट मधोमध भांग पाडलेला आणि डोक्यावर थेट ट्यूबलाइट. भांग बोटाएवढा रुंद आणि त्वचा चकाकताना दिसत होती. तो फोटो पाहून कुणीही 'फार विरळ' असेच लिहिले असते. पण तेलाने केसांच्या बटा एकमेकींना चिकटतात आणि मधली त्वचा उघडी पडते, वरून पडणारा उजेड नेमका त्या फटींत शिरतो, आणि काळे केस व उजळ त्वचा यांतला फरक कॅमेऱ्यात आणखी ठसतो. मी त्यांना केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, कोरडे असताना, फ्लॅश आणि फोनमधले ब्यूटी मोड दोन्ही बंद करून, खिडकीकडे तोंड करून चार फोटो काढायला सांगितले: कपाळावरच्या केसांच्या रेषेचा, मधल्या भांगाचा, टाळूचा आणि डोक्याच्या मागे पाडलेल्या भांगाचा.

दुसऱ्या खेपेला चित्र बरेच वेगळे निघाले. पुढच्या निम्म्या भागात भांग मागच्या भांगाच्या साधारण दीडपट होता आणि टाळूकडे जाताना निमुळता होत होता. कपाळावरची रेषा सलग होती, दोन्ही कानशिलांवरचे केस भरलेले होते. भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड, बारीक केस उभे दिसत होते. भोवऱ्यापाशी थोडी त्वचा दिसत होती, पण ती प्रत्येकाचीच दिसते, कारण तिथे केस चहूबाजूंना वळतात. त्याला विरळपणा म्हणू नये. स्टायलिस्टला मी पाठवलेली नोंद अशी होती:

«केस लहरी, खांद्याखाली चार बोटे, जाडी हाताने पाहावी. दाटपणा मागे चांगला. मधल्या भांगाच्या पुढच्या निम्म्या भागात मागच्यापेक्षा कमी, भांग सुमारे दीडपट. पुढची रेषा व कानशिले शाबूत; त्वचेवर लाली, खवले किंवा गुळगुळीत चट्टा दिसत नाही. केस कोरडे, खिडकीचा उजेड. गिऱ्हाइकाने सांगितलेले: तीन वर्षांत भांग रुंद झाला, नेहमी याच जागी पाडतात.»

ही सहा वाक्ये लिहायला मला चार मिनिटे लागली. त्यांच्या जोरावर स्टायलिस्टने भांग दोन बोटे बाजूला घेतला, टोके सरळ रेषेत बोथट ठेवली, लेयर फक्त चेहऱ्याजवळ आणि लांब घेतले, वरच्या भागाला थिनिंग कात्री लावली नाही, आणि काळ्याऐवजी दोन छटा उजळ तपकिरी रंग सुचवला, म्हणजे केस आणि त्वचा यांतला फरक डोळ्यांत भरत नाही. बाईंनी टेप एक्स्टेन्शन मागितले होते. भांगाजवळच्या बारीक केसांवर तो भार नको म्हणून स्टायलिस्टने ते नाकारले. 'टाळूवर विरळ' या दोन शब्दांतून यातले काय निघाले असते? टाळू तर बरी होती, विरळपणा तिच्या पुढे होता.

आता कारणाविषयी. पुढची रेषा शाबूत ठेवून भांग रुंद होत जाणे, हा नमुना त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी 1977 मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. तरीही मी नोंदीत पायरी लिहीत नाही, कारण तो निदानाचा शब्द आहे आणि निदानाला रक्ततपासणी, घरातला इतिहास आणि केसांची मुळे जवळून पाहणे लागते. लोह कमी असले, थायरॉइड बिघडले, किंवा बाळंतपण वा मोठा ताप येऊन दोन-तीन महिने झाले असले, तरीही भांग रुंद दिसू शकतो. सलूनमधून 'हार्मोनचे आहे' असे ऐकून गिऱ्हाईक औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन येते आणि तपासणी लांबते, हे आपणही पाहिले असेल.

पण कारण लिहू नये म्हणजे जागाही लिहू नये असे नाही, आणि इथे आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला केस कमी झालेले असतील, आणि अगदी कडेवर मात्र बारीक केसांची एक झालर उरलेली असेल, तर घट्ट अंबाडा, ताणून घातलेली वेणी किंवा एक्स्टेन्शनची ओढ असा संशय घ्यायला जागा आहे. हे स्टायलिस्टच्याच अखत्यारीतले आहे: बांधणी सैल करणे, भांगाची जागा बदलणे, ओढ पडणारे काही न लावणे. लवकर थांबवले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिले तर येत नाहीत. याउलट नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा दिसला, ज्याला आपण चाई म्हणतो, किंवा त्वचा लाल, खवलेदार, अथवा केसांची छिद्रेच न दिसण्याइतकी तुकतुकीत असली, तर तिथे रंग, स्मूदनिंग, ओढ काहीच करू नये आणि गिऱ्हाइकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगावे. स्टायलिस्टला रोगाचे नाव कळायची गरज नाही. चट्टा कुठे आणि कसा दिसतो हे मात्र नोंदीत हवे.

वेळेच्या अडचणीवर माझ्याकडे एकच व्यवहारी तोड आहे. फोटो कसे काढायचे याचे चार ओळींचे निरोप लिहून ठेवावेत आणि अपॉइंटमेंट पक्की करतानाच ते पाठवावेत, म्हणजे पुन्हा फोटो मागवण्यात वेळ जात नाही. उजेडाच्या उदाहरणातल्या त्या बाई सहा महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा त्याच खिडकीपाशी, टेल कोंबची तीच दांडी भांगाशेजारी ठेवून काढलेले चार फोटो घेऊन आल्या. दोन्ही संच शेजारी ठेवून पाहिले, तर भांग तेवढाच होता, वाढलेला नव्हता. दरम्यान त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार सुरू केले होते, म्हणून स्टायलिस्टने रंग तोच ठेवला आणि फक्त टोके कापली.